दुसऱ्या लूपला चॉप का उडतो: बॅकस्पिन, रॅकेटचा कोन आणि धीर

प्रश्न: टेबल टेनिसमध्ये दोन वर्षांपासून डिफेन्स खेळतोय. बॅकहँडला लाँग पिंपल्स, फोरहँडला साधं रबर. समोरच्याचा पहिला लूप फोरहँडने नीट चॉप होतो, पण त्यानंतरचा आला की बॉल उंच उडतो, नाहीतर सरळ टेबलाबाहेर जातो. रॅकेट जरा उभी केली की नेटमध्ये. बॅकस्पिन वाढवायला जोर लावला तर आणखीच बिघडतं. बॅकहँडला एवढा त्रास नाही. सगळे म्हणतात "धीर धर". म्हणजे नक्की काय करू?

उत्तर:

तुमचा स्ट्रोक चुकीचा असता तर पहिला चॉपसुद्धा गेला नसता. म्हणून कोणी सगळा स्ट्रोक मोडून नव्याने शिकायला सांगितलं तर तूर्तास ऐकू नका. तुमच्याकडे दोन वेगळे बॉल येतायत आणि तुम्ही दोन्ही एकाच मापाने खेळताय, एवढंच झालंय. पहिल्या लूपवर ते माप बसतं, दुसऱ्यावर बसत नाही. आणि दुसरा लूप वेगळा होतो त्याचं कारण बहुतेक वेळा तुमचाच पहिला चॉप असतो.

मी तुमचा खेळ पाहिलेला नाही, त्यामुळे काही गोष्टी गृहीत धरतेय. तुम्ही उजव्या हाताने खेळता, फोरहँडचं रबर बऱ्यापैकी ग्रिप असलेलं आहे, आणि समोरचा खेळाडू खरोखर घासून लूप करणारा आहे. तो सपाट ड्राइव्ह मारणारा असेल तर पुढचं बरंचसं उलटं होईल, त्याबद्दल शेवटाकडे लिहिते. टेबलामागे मागे सरकायला जागा किती मिळते यावरही खूप अवलंबून आहे. मागे दोन मीटर मोकळे नसतील तर काही सल्ले तुम्हाला वापरताच येणार नाहीत.

आधी बॉलच्या फिरण्याकडे बघू, कारण कोनाचं गणित तिथूनच निघतं. समोरच्याने लूप मारला, म्हणजे खालून वर घासून टॉपस्पिन दिला, की बॉल एका दिशेने गरगरत तुमच्याकडे येतो. तुम्ही रॅकेट वरून खाली नेत चॉप करता तेव्हा बॉलची प्रवासाची दिशा उलटते, पण गरगरण्याची दिशा तीच राहते. समोरून येताना ज्याला आपण टॉपस्पिन म्हणतो तेच फिरणं परत जाताना बॅकस्पिन असतं. आता तो तुमच्या बॅकस्पिनला खालून वर घासून उचलतो, तेव्हाही तो त्याच फिरण्याच्या दिशेने ढकलत असतो. एका फिरत्या चाकाला दोघांनी आळीपाळीने एकाच दिशेने हात मारावा तसं हे आहे. दोघांनीही नीट घासलं तर चाकाची गती प्रत्येक फटक्याला वाढते. कोणीतरी बॉल सपाट मारला, थांबवला किंवा रबर घसरलं, तरच ती कमी होते.

तुमची रॅली बहुधा अशी चालते. तुम्ही सर्व्हिस परत करताना हलका पुश केलात. त्यात बॅकस्पिन बेताचा, म्हणून त्याच्या पहिल्या लूपमध्ये स्पिनही बेताचा. तो तुम्ही छान चॉप केलात, भरपूर बॅकस्पिन दिलात. आता तो बॉल उचलण्यासाठी त्याला गुडघे वाकवून अगदी खालून वर घासावं लागलं. त्यामुळे दुसरा लूप येताना सावकाश आला, कमान उंच झाली, आणि त्यात पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त स्पिन भरलेला होता. तुम्हाला मात्र सावकाश येणारा बॉल सोपा वाटला.

रॅकेटवर काय होतं ते आकड्यांत मांडते. आकडे मी समजायला सोयीचे, गोल घेतलेत. बॉलचा व्यास 40 मिमी, म्हणजे त्याचा घेर साधारण साडेबारा सेंटीमीटर. तो सेकंदाला 60 वेळा फिरत असेल तर त्याचा पृष्ठभाग सेकंदाला साडेसात मीटर वेगाने पळतोय. 90 वेळा फिरत असेल तर सव्वाअकरा मीटर. टॉपस्पिन बॉलची जी बाजू तुमच्या रॅकेटला लागते ती खालच्या दिशेने पळत असते. आता समजा बॉल लागताना तुमची रॅकेट सेकंदाला आठ मीटर वेगाने खाली येतेय. पहिल्या लूपवर रॅकेटचा वेग बॉलच्या पृष्ठभागापेक्षा किंचित जास्त आहे. रबर बॉलला खाली ओढतं, स्पिन थोडा वाढतो, बॉल खाली राहतो. दुसऱ्या लूपवर पृष्ठभाग रॅकेटपेक्षा तीन मीटरने पुढे पळतोय. इथे बॉलच रबराला खाली ओढतो, आणि रबर त्याला उलट वर ढकलतं. बॉल उडतो. शिवाय त्याचा स्पिनही मार खातो. म्हणजे तुम्ही समोरच्याला उंच आणि पोकळ असा दोन्ही बाजूंनी सोयीचा बॉल देता. रबर ताणलं जातं आणि परत उसळतं, त्यामुळे प्रत्यक्ष हिशेब इतका सरळ नसतो, पण गोष्ट कुठल्या दिशेने जाते ते यातून कळतं.

बॅकहँडला त्रास का होत नाही तेही इथेच कळेल. लाँग पिंपल्सचे लांब दाणे बॉलला पकडत नाहीत, ते वाकतात. बॉलचा स्पिन बराचसा तसाच परत जातो आणि वर ढकलण्याचा धक्का कमी बसतो. म्हणून त्या बाजूने रॅकेटच्या वेगाचा आणि कोनाचा थोडा अंदाज चुकला तरी निभावतं. साध्या रबराला निभावून नेण्याची सवय नाही. त्याची पकड चांगली म्हणून त्यातून तुम्ही पिंपल्सपेक्षा जास्त बॅकस्पिन स्वतः तयार करू शकता, पण त्याच पकडीमुळे समोरच्याचा स्पिनही ते पुरेपूर खातं. काही जण या त्रासाला कंटाळून फोरहँडलाही कमी ग्रिपचं रबर लावतात. मी तसं सुचवणार नाही. फोरहँडचा जड, म्हणजे भरपूर बॅकस्पिनचा चॉप आणि मधूनच मारायचा लूप ही डिफेंडरची दोन मोठी हत्यारं त्यात बोथट होतात.

उपाय म्हणून लोक पहिल्यांदा कोनाकडे वळतात, तसे तुम्हीही वळलात. माझ्या मते कोन हा सगळ्यांत शेवटी हलवायचा स्क्रू आहे. तुमच्या हातात तीन गोष्टी आहेत: बॉल कोणत्या उंचीवर घ्यायचा, रॅकेट किती वेगाने खाली आणायची, आणि रॅकेट किती उघडी, म्हणजे मागे कललेली, ठेवायची. यात उंची सगळ्यांत आधी, कारण ती नीट असेल तर बाकी दोन्हींतल्या चुका बऱ्याचशा झाकल्या जातात.

टेबल जमिनीपासून 76 सेंमी उंच, त्यावर नेट 15.25 सेंमी. म्हणजे नेटची वरची कड जमिनीपासून साधारण 91 सेंमीवर. तुम्ही बॉल छातीच्या खाली, समजा 100 सेंमीवर चॉप केलात, तर तो आधीच नेटच्या वर आहे. लूपमधल्या स्पिनने त्याला वर जो धक्का दिला तो सगळाच्या सगळा फुकट उंची होतो. हाच बॉल तुम्ही 60 ते 65 सेंमीवर, म्हणजे मांडीच्या पातळीला, टेबलाच्या खाली उतरू दिलात, तर नेट ओलांडायला त्याला 30 सेंमी वर जाणं भागच आहे. आता तोच धक्का तुमच्या उपयोगाचा होतो. रॅकेट, वेग आणि बॉल तेच राहतात, पण एका जागी तो उडतो आणि दुसऱ्या जागी नेटला घासून जातो. मला स्वतःला हे उमगायला फार वर्षं लागली आणि त्यानंतर कोनाची निम्मी काळजी संपली. "धीर धर" याचा पहिला अर्थ हाच आहे: टप्पा पडल्यावर बॉल वर चढतो, शिखरावर जातो आणि मग खाली यायला लागतो, तिथपर्यंत थांबायचं.

थांबण्यासाठी आधी योग्य जागी असावं लागतं, आणि दुसऱ्या लूपला इथेच घोटाळा होतो. पहिला लूप वेगाने आला म्हणून तुम्ही टेबलापासून दोन-अडीच मीटर मागे गेलात. दुसरा सावकाश आला, त्याची कमान उंच, टप्प्यानंतर तो थोडा पुढे झेपावतो पण एकंदरीत पहिल्यापेक्षा आखूड पडतो. तुम्ही पहिल्या लूपच्या जागीच उभे. मग हात लांब करून पुढे वाकता. हात ताणला की कोपर सरळ होतं, मनगट मागे पडतं आणि रॅकेट आपोआप आकाशाकडे उघडते. तुम्हाला वाटतं कोन चुकला. कोन चुकलाच, पण तो पायांनी चुकवला. सावकाश, जड लूपला अर्धं पाऊल पुढे यावं लागतं, मग बसावं लागतं.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलीचं उदाहरण देते, कारण तिचं दुखणं हुबेहूब तुमच्यासारखं होतं. तिचे फोरहँड चॉप आम्ही मोबाइलवर स्लो मोशनमध्ये बाजूने शूट केले. पहिल्या लूपच्या चॉपवर फ्रेम थांबवली: बॉल उजव्या मांडीशेजारी, उजवा गुडघा वाकलेला, रॅकेट थोडीशी मागे कललेली. दुसऱ्यावर थांबवली: बॉल पोटाच्या पातळीला आणि शरीराच्या पुढे दीड हात, दोन्ही गुडघे सरळ, रॅकेटचं तोंड जवळजवळ छताकडे. तिला मी कोनाबद्दल एक अवाक्षर बोलले नाही. नेटच्या वर 30 सेंमीवर आडवी दोरी बांधली आणि दोनच सूचना दिल्या. एक, बॉल उजव्या मांडीशेजारी आल्याशिवाय मारायचा नाही. दोन, मारताना उजवा गुडघा बॉलबरोबर खाली जायला हवा. पहिले काही दिवस तिचे पुष्कळ बॉल चुकले, कारण इतका उशीर करायची भीती वाटते. दुसऱ्या आठवड्यात बॉल दोरीखालून जायला लागले. मग पुन्हा शूट केलं. रॅकेटचा कोन बराच उभा झालेला होता आणि तो कधी बदलला हे तिला सांगता आलं नाही. तुम्हीही आधी असं शूटिंग करा. समोरून घेऊ नका, बाजूने घ्या. बॉल लागतानाची उंची समोरून कळत नाही.

आता दुसरा स्क्रू, वेग. जोर लावला की आणखी बिघडतं असं तुम्ही लिहिलंय. त्याचं कारण जोर चुकीच्या क्षणी लागतो. बॉल जवळ आल्यावर तुम्ही खांद्याने दाबता, मूठ आवळली जाते, रॅकेट खाली जाण्याऐवजी पुढे जाते. बॉल रबरावर घासला न जाता स्पंजमध्ये रुततो. कानांनी ओळखा: घासलेल्या चॉपचा आवाज कोरडा, बारीक, "सर्र" असा येतो, रुतलेल्याचा "टप" असा. "टप" ऐकू आला की बॅकस्पिन नाही हे बॉल पलीकडे पोचायच्या आधीच समजा.

खरा वेग वरून सुरू करण्यातून येतो. जड लूप येतोय हे दिसलं की रॅकेट कानाच्या उंचीपर्यंत वर न्या, कोपर वाकलेलं, मूठ सैल. तिथून हात खाली सोडायचा. शब्द "सोडायचा" असाच धरा, मारायचा नाही. पुढचा हात उलगडत जातो, वजन उजव्या पायावरून डाव्यावर येतं आणि बॉल लागतो तेव्हा रॅकेट सगळ्यांत वेगवान असते. लागल्यावर ती थोडी खाली आणि बरीचशी पुढे, टेबलाच्या दिशेने जाते. मनगटाने मुद्दाम झटका देऊ नका, निदान लूप चांगले परतायला लागेपर्यंत. मनगटाचा झटका म्हणजे कोनात दर वेळी थोडा फरक, आणि तुम्हाला सध्या नेमका तोच फरक नकोय. खांद्यापासून सुरू केलेला चॉप आणि कानापासून सुरू केलेला चॉप यात हाताला मेहनत सारखीच पडते, पण दुसऱ्यात रॅकेटला वेग घ्यायला लांब रस्ता मिळतो. पहिल्या लूपला तुम्ही कदाचित खांद्यापासून सुरू करत असाल. त्याला ते पुरतं, दुसऱ्याला नाही.

2014 पासून स्पर्धांमध्ये प्लॅस्टिकचा बॉल आला आणि जुन्या सेल्युलॉइडच्या बॉलपेक्षा त्यावर स्पिन थोडा कमी बसतो, असा आम्हा बहुतेक डिफेंडरांचा अनुभव आहे. त्यामुळे पूर्वी अर्ध्या स्ट्रोकमध्ये जेवढा बॅकस्पिन निघायचा तेवढ्यासाठी आता पूर्ण स्ट्रोक लागतो. जुने व्हिडिओ बघून कोणाची नक्कल करत असाल तर हे लक्षात ठेवा.

आता कोन. बॉल मांडीपाशी घेताय, रॅकेट वरून सुटतेय, असं झाल्यावर मी हा नियम वापरते: समोरच्याच्या लूपमध्ये स्पिन जितका जास्त, तितकी रॅकेट उभी आणि स्ट्रोक जास्त खाली. स्पिन जितका कमी, तितकी रॅकेट उघडी आणि स्ट्रोक जास्त पुढे. बेताच्या लूपला माझी रॅकेट उभ्या रेषेपासून साधारण 35 ते 40 अंश मागे कललेली असते, जडला 15 ते 20. हे माझ्या रबराचे आणि माझ्या उंचीचे आकडे आहेत, तुमचे पाच-दहा अंशांनी वेगळे निघतील. लक्षात ठेवण्याची बाब म्हणजे कोन आणि स्ट्रोकची दिशा ही जोडी आहे, एक बदललं की दुसरं बदलायचं. तुम्ही रॅकेट उभी केलीत तेव्हा नेटमध्ये का गेलं? एक शक्यता अशी की कंटाळून तुम्ही प्रत्येकच बॉलला ती उभी केलीत, पहिल्या बेताच्या लूपलाही. त्यात वर ढकलणारा स्पिनच नव्हता, मग बॉल वर जाणार कशाने? दुसरी शक्यता, रॅकेट उभी करून स्ट्रोक सरळ खाली कापलात, पुढे काही गेलंच नाही. पहिली असेल तर नेटमध्ये जाणारे बॉल बहुतेक रॅलीच्या सुरुवातीचे असतील. दुसरी असेल तर जड लूपसुद्धा नेटच्या मधोमध आपटतील. दहा-बारा चुका लिहून काढल्या की कोणती ते कळेल.

स्पिन किती आहे हे बॉल तुमच्यापर्यंत येण्याआधी कळायला हवं. बॉलवरची अक्षरं बघून स्पिन ओळखा असं काही जण सांगतात. चॉपच्या अंतरावरून वेगात येणाऱ्या लूपवर मला ते कधी जमलेलं नाही. मी समोरच्याचं शरीर बघते. त्याची रॅकेट गुडघ्याखालून सुरू झाली, स्ट्रोक वर गेला आणि डोक्याशी संपला, तर बॉल जड आहे. रॅकेट कमरेच्या मागून सुरू झाली आणि पुढे संपली, तर वेग आहे, स्पिन तुलनेने कमी. मग नेटवरची कमान. उंच कमान आणि आपल्या बाजूला अचानक खाली बुडी, म्हणजे जड. आणि आवाज, जो हॉलमध्ये गर्दी नसली तर बऱ्यापैकी ऐकू येतो. पण या सगळ्याच्या आधी एक खूण आहे जी डिफेंडर विसरतात: तुमचा स्वतःचा मागचा चॉप. तो "सर्र" घासला गेला असेल आणि समोरच्याने तो उचलला असेल, तर येणारा बॉल जडच आहे, बघायची गरज नाही. तुमचा चॉप "टप" वाजला असेल तर समोरच्याला खालून घासायची गरज पडणार नाही, तो पुढे मारेल, बॉल वेगात आणि कमी स्पिनने येईल. मी सरावात मुलांना चॉप मारल्या मारल्या मोठ्याने "जड" किंवा "पोकळ" म्हणायला लावते. आपण काय पाठवलं हे ज्याला ठाऊक आहे, त्याला काय येणार याचा अर्धा अंदाज आधीच असतो.

यातून धीराचा दुसरा अर्थ निघतो. रॅलीत जड चॉप टाकल्यावर पुढच्या बॉलला त्याहून जड टाकायचा मोह होतो. तो मोह आवरायचा. फिरण्याची दिशा तीच राहते हे आपण पाहिलं, म्हणजे समोरच्याने दिलेला स्पिन तुमच्याकडे आयता आला आहे. तुमच्या रॅकेटचा वेग बॉलच्या पृष्ठभागाच्या वेगाशी जुळला तरी परत जाणारा बॉल जड असतो, तुम्ही काही भर घातली नाही तरी. दुसऱ्या आणि तिसऱ्या लूपला माझं ध्येय बॅकस्पिन वाढवणं नसतंच. बॉल खाली राहावा आणि खोल पडावा, टेबलाच्या शेवटच्या 30-40 सेंमीत, एवढंच. खोल चॉपला त्याला मागे राहून उचलावं लागतं. आखूड आणि जड चॉपला तो पुढे येऊन बॉल शिखरावर घेतो, आणि तिथून मारणं त्याला सोपं जातं. जड पण आखूड आणि बेताचा पण खोल यांतला एक निवडायचा झाला तर मी खोल निवडते.

स्पिनमध्ये बदल कधी करायचा? समोरचा जड चॉपची सवय करून घेतो तेव्हा, त्याआधी नाही. त्याने एखादा नेटमध्ये घालवला, मग पुढच्या रॅलीत तो जास्त खालून, जास्त वर घासायला लागला, असं दिसलं की वेळ आली. तेव्हा रॅकेट तशीच वरून सुरू करा, तेवढाच लांब स्ट्रोक, पण बॉल लागताना घासण्याऐवजी थोडा स्पंजमध्ये रुतू द्या, रॅकेट जरा जास्त पुढे. बॉल पोकळ जातो, आणि जड समजून उचलणाऱ्याचा लूप टेबलाबाहेर. याला आपण फ्लोट म्हणतो. तो उंच गेला तर मात्र थेट स्मॅश खावा लागतो, म्हणून दोरीखालून फ्लोट जायला लागेपर्यंत सामन्यात वापरू नका. आणि एक जड बॉल खपवल्याशिवाय फ्लोटला किंमत येत नाही. सुरुवातीलाच पोकळ चॉप टाकणारे डिफेंडर मी पुष्कळ पाहिलेत, ते चलाखी करतायत असं त्यांना वाटतं, आणि समोरचा फक्त मारत सुटतो.

धीर म्हणजे अनंत काळ चॉप करत राहणं असंही नाही. नियमच तसं करू देत नाहीत. एका गेमला 10 मिनिटं झाली आणि तोपर्यंत दोघांचे मिळून 18 गुण झाले नसतील, तर एक्स्पेडाइट लागू होतो. मग सर्व्हिस एकेक करून बदलते आणि सर्व्हिस घेणाऱ्याने 13 वेळा बॉल नीट परतवला की गुण त्याचा. सर्व्हिस घेताना हे डिफेंडरला मानवतं, करताना मात्र गुण स्वतः मारून मिळवावा लागतो. त्याशिवायही, समोरचा थकून किंवा घाबरून पुश करतो किंवा नेटजवळ आखूड ठेवतो, तो बॉल मारायची तयारी हवी. 2003 साली पॅरिसच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत कोरियाचा जू से-ह्युक एकेरीच्या अंतिम फेरीपर्यंत गेला, उपविजेता ठरला. त्याचे सामने बघा. चॉपपेक्षा त्याचा फोरहँड हल्ला लोकांना जास्त आठवतो, पण तो हल्ला कुठल्या बॉलवर करतो ते मोजा. जड चॉपमुळे समोरच्याने नाइलाजाने दिलेल्या मऊ बॉलवर. फोरहँडला साधं रबर ठेवा म्हणाले त्याचं हे दुसरं कारण.

सपाट ड्राइव्ह मारणाऱ्याबद्दल सांगायचं राहिलं. त्याच्या बॉलमध्ये वेग जास्त, स्पिन कमी. इथे मांडीपर्यंत थांबाल तर बॉल तुम्हाला ओलांडून गेलेला असेल. आणखी मागे जा, रॅकेट जास्त उघडी ठेवा, स्ट्रोक आखूड करा, मूठ आणखी सैल. बॅकस्पिन जवळजवळ सगळा तुम्हालाच तयार करायचा आहे, पण पहिल्याच बॉलला नाही. आधी वेग कमी करून बॉल खोल परतवा. तो दुसऱ्या-तिसऱ्या फटक्याला मंदावला की घासा. अशा खेळाडूला पोकळ चॉप आवडतात, तेव्हा फ्लोट त्याच्यासाठी शक्यतो वापरू नकाच.

सरावाचं म्हणाल तर सुरुवातीला रॅली खेळू नका. कोणालातरी टोपलीतून मल्टिबॉल, म्हणजे एकामागून एक बॉल, देऊ द्या, आणि त्याला सांगा की दोन बॉल जोडीने दे: पहिला वेगवान, बेताच्या स्पिनचा आणि खोल, दुसरा सावकाश, जड आणि थोडा आखूड. याच क्रमाने, पुन्हा पुन्हा. पहिल्याला मागे, दुसऱ्याला अर्धं पाऊल पुढे आणि खाली. दहा जोड्या झाल्या की थांबा, पाय आळशी व्हायला लागतात. हे अंगात बसलं की क्रम न सांगता द्यायला सांगा, आणि प्रत्येक बॉलला तो पडायच्या आधी "जड" किंवा "पोकळ" म्हणा. तुमचा अंदाज बरोबर असूनही बॉल दोरीच्या वर जात असेल तर उंची आणि पाय बघा. अंदाजच चुकत असेल तर रॅकेटला हात लावू नका, समोरच्याच्या हाताकडे बघायला शिका. दोन्ही बरोबर असून बॉल नेटमध्ये जात असेल, तर आता रॅकेट पाच अंश उघडा.